साठ अधिक पंचेचाळीस बरोबर पंचाहत्तर

सरकारी रुग्णालयाच्या दिव्यांग बोर्डाबाहेर, हातात प्रमाणपत्र पडल्यावर बहुतेक कुटुंबं एकच गोष्ट बघतात: आकडा. मग बाकावरच हिशेब सुरू होतो. शेजारच्याला पंचावन्न मिळाले, आपल्याला साठच कसे? पाय गेला, काम गेलं, घर बसलं, तरी साठच? हा राग समजण्यासारखा आहे, कारण घरातल्यांसाठी तो आकडा म्हणजे आपल्या माणसाच्या नुकसानीची सरकारी पावती असते. कागदाच्या दृष्टीने मात्र तो वेगळंच काही सांगत असतो. ते नीट न कळल्यामुळे मिळू शकणारे लाभ सुटतात आणि न मिळणाऱ्या लाभांमागे महिनोन्‌महिने चकरा होतात.

इचलकरंजीतल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराचं घर डोळ्यांसमोर आणू. असं घर तिथे गल्लोगल्ली सापडेल. वय बावन्न, तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहून काढलेली. मधुमेहाकडे दुर्लक्ष झालं, पायाला जखम झाली, ती चिघळली आणि उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ऐकूही कमी येतं, पण तो विषय घरात कुणी फारसा काढत नाही. ‘मागावरच्या माणसाला ऐकू कमीच येतं’ हे तिथे गृहीतच धरलेलं असतं. थोरली मुलगी खासगी नोकरी करते. वडिलांचं प्रमाणपत्र काढायचं तीच ठरवते आणि अर्जात एकच प्रकार नोंदवते: अस्थिव्यंग. पाय दिसतो, कान दिसत नाहीत.

या कुटुंबाच्या हाती साठ टक्क्यांचं प्रमाणपत्र येतं. आता हे साठ कुठून आले ते पाहू.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. प्रत्येक प्रकाराचे टक्के कसे मोजायचे याचे निकष केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांत सुधारणा केल्या. डॉक्टर मनाने आकडा टाकत नाहीत, त्यांच्यासमोर कोष्टकं असतात. पाय किंवा हात कापला गेला असेल तर तो नेमका कुठून कापला यावर टक्के ठरतात. गुडघ्याच्या सांध्यातून पाय गेला तर ७५. गुडघ्याखाली जेमतेम ८ सेंटिमीटरपर्यंत भाग उरला असेल तर ७०. पोटरीच्या खालच्या तिसऱ्या भागातून कापला असेल तर ६०. घोट्यातून गेला तर ५५. पायाची सगळी बोटं गेली तर २०, आणि फक्त अंगठा गेला तर १०.

या कोष्टकात कामाचा रकाना नाही. माग चालवणारा असो की दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा, पाय एकाच जागेतून कापला असेल तर टक्के सारखेच येणार. घरात कमावणारं दुसरं कुणी आहे का, जखम किती वर्षं छळत होती, कृत्रिम पाय बसतो की टोचतो, यातलं काहीच मोजलं जात नाही. शरीराची किती कायमची हानी झाली, तेवढंच मोजायचं. दुःखाला कमी लेखायचं म्हणून हे असं केलेलं नाही. चंद्रपुरात आणि सावंतवाडीत एकाच हानीला एकच आकडा यावा, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

हानी आणि कमाई यांतलं अंतर सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात फार स्पष्ट करून सांगितलं आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा २०१० चा निकाल. एका अवयवाची टक्केवारी म्हणजे पूर्ण शरीराची टक्केवारी नव्हे, आणि पूर्ण शरीराची टक्केवारी म्हणजे कमाई घटल्याची टक्केवारीही नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. उदाहरणही दिलं: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण जाईल, पण त्याच हानीनंतर एखाद्या कारकुनाची नोकरी टिकूही शकते. म्हणून विम्याच्या किंवा अपघाताच्या दाव्यात नुसतं दिव्यांग प्रमाणपत्र जोडून काम भागत नाही. तिथे कमाईचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आणि दाव्यात धरलेला कमाईचा आकडा घेऊन बोर्डाकडे गेलं, तर बोर्ड तो विचारात घेणार नाही.

आता प्रमाणपत्रावरचं ते वाक्य शब्द न् शब्द वाचू. अस्थिव्यंगाच्या नमुन्यात टक्के आधी अंकात आणि मग अक्षरात लिहिलेले असतात. त्यापुढे ‘अमुक अवयवाच्या संदर्भात’ अशी जागा असते. आपल्या कामगाराच्या कागदावर तिथे ‘उजवा पाय’ असेल. ही जागा रिकामी राहिली, किंवा अंकात ६० आणि अक्षरात पन्नास असं लिहिलं गेलं, तर तहसीलच्या टेबलावर अर्ज अडतो आणि दुरुस्तीसाठी पुन्हा रुग्णालय गाठावं लागतं. त्यामुळे कागद हातात आला की बाकावरून उठायच्या आत या दोन जागा बघून घ्याव्यात. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच आहे ना, हेही तिथेच तपासावं.

प्रमाणपत्राच्या काही नमुन्यांत खाली आणखी एक ओळ असते. ही स्थिती वाढणारी आहे की स्थिर, सुधारण्याची शक्यता आहे की नाही आणि पुन्हा तपासणीची गरज आहे का, हे त्यात नोंदवलेलं असतं. पुन्हा तपासणी सुचवली असेल तर प्रमाणपत्राला शेवटची तारीख असते. घरातल्यांच्या नजरेतून हीच तारीख सर्वात जास्त निसटते. लाभ सुरू असतो, तारीख उलटून जाते, आणि अनुदान बंद झाल्यावर कारण शोधायला सुरुवात होते. पाय कापलेला असेल तर सहसा प्रमाणपत्र कायमचं मिळतं. लहान मुलांचं, मानसिक आजाराचं किंवा उपचार चालू असलेल्या स्थितीचं प्रमाणपत्र पुष्कळदा मुदतीचं असतं. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधीच पुन्हा अर्ज करावा, कारण बोर्डाची तारीख आपल्या सोयीने मिळत नाही.

साठ टक्क्यांनी या घराला काय मिळेल? कायद्यातला पहिला उंबरठा ४० चा. १९९५ च्या आधीच्या कायद्यातही तो ४० च होता. २०१६ च्या कायद्यात ४० किंवा त्याहून जास्त टक्के असतील तर त्याला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणतात. सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण इथून सुरू होतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठीही किमान ४० टक्के लागतात. सोबत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट असते, आणि दिव्यांगांसाठी ती मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचं हे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चाळीसच्या वर गेल्यावर टक्के वाढले म्हणून अनुदान वाढत नाही. बेचाळीस असोत की अठ्ठ्याहत्तर, रक्कम तीच. अर्ज बहुधा टक्क्यांवर अडत नाही, तर उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतो. मुलीचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरला गेला तर साठ टक्के असूनही अर्ज नामंजूर होऊ शकतो.

दुसरा मोठा उंबरठा ८० चा. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या, १८ ते ७९ वयोगटातल्या आणि किमान ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी आहे. तिची केंद्राकडून येणारी रक्कम महिना ३०० रुपये. ८० हा आकडा आयकरातही येतो. जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या खर्चासाठी कुटुंबाला वजावट मिळते. ४० ते ८० च्या दरम्यान ती ७५,००० रुपये असते आणि ८० किंवा जास्त असतील तर १,२५,००० रुपये. नवी करपद्धती निवडली तर ही वजावट मिळत नाही. नोकरी करणाऱ्या मुलीने आपली करपद्धती निवडण्याआधी हे गणित मांडून बघायला हवं.

या दोहोंच्या मधोमध एक उंबरठा आहे. तो फार थोड्यांना ठाऊक असतो. एसटीच्या प्रवासात ४० टक्क्यांपासून दिव्यांग व्यक्तीला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पण सोबतच्या माणसाला निम्म्या भाड्याची सवलत हवी असेल तर दिव्यांगत्व किमान ६५ टक्के लागतं. एका पायावरचा माणूस दर महिन्याला कोल्हापूरला तपासणीला जातो तेव्हा सोबत कुणीतरी लागतंच. साठवर ती सवलत हुकते, फक्त पाच टक्क्यांनी.

आणि तेवढ्यात मुलीला वडिलांचे कान आठवतात.

कानांची तपासणी ऑडिओमेट्रीने होते. ध्वनिबंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, वेगवेगळ्या सुरांचे आवाज ऐकवले जातात. प्रत्येक कानाला किती मोठा आवाज लागतो ते डेसिबलमध्ये नोंदवलं जातं आणि कोष्टकावरून त्या कानाचे टक्के काढतात. दोन्ही कानांना बोलण्याच्या सुरांवर किमान ६० डेसिबलइतकं कमी ऐकू येत असेल तरच कायद्याच्या व्याख्येत बसतं. मग दोन्ही कानांचा एकच आकडा काढायचा. त्याची रीत अशी: ज्या कानाने जास्त ऐकू येतं त्याच्या टक्क्यांना पाचने गुणायचं, दुसऱ्या कानाचे टक्के त्यात मिळवायचे आणि सहाने भागायचं. चांगला कान पाचपट मोजला जातो, कारण माणूस ऐकण्याचं काम मुख्यतः त्याच कानावर चालवतो. एक कान पूर्ण बहिरा आणि दुसरा ठणठणीत असेल तर शून्य गुणिले पाच, अधिक शंभर, भागिले सहा, म्हणजे जेमतेम १७ टक्के. ‘एक कान पूर्ण गेलाय, मग पन्नास का नाहीत?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर या भागाकारात आहे.

आपल्या कामगाराच्या चांगल्या कानाचे ४२ टक्के आणि वाईट कानाचे ६० टक्के निघाले असं धरू. ४२ गुणिले ५ म्हणजे २१०, त्यात ६० मिळवले की २७०, भागिले ६. उत्तर ४५.

घरातल्यांचा हिशेब इथे सोपा होतो. पायाचे साठ, कानाचे पंचेचाळीस, एकशे पाच. शंभराच्या वर तर जाणार नाही, पण शंभर तरी पक्के! प्रमाणपत्रावर मात्र ७५ येतात, आणि बोर्डाने तीस टक्के खाल्ले असा संशय मनात घर करतो.

कुणी काही खाल्लेलं नाही. एकापेक्षा जास्त दिव्यांगत्वं असतील तर ती नुसती बेरजेने जोडत नाहीत, त्यासाठी ठरलेलं सूत्र आहे. मोठा आकडा ‘अ’ आणि लहान आकडा ‘ब’ मानला तर:

एकूण टक्के = अ + ब × (९० − अ) ÷ ९०

पाय ६०, म्हणून अ = ६०. कान ४५, म्हणून ब = ४५. नव्वदमधून साठ गेले, उरले तीस. पंचेचाळीस गुणिले तीस भागिले नव्वद, म्हणजे पंधरा. साठ अधिक पंधरा, पंचाहत्तर.

शेताच्या भाषेत सांगायचं तर असं: नव्वद गुंठ्यांच्या शेतातले साठ गुंठे पहिल्या पुरात वाहून गेले. दुसरा पूर निम्मं शेत नेणारा असला तरी तो उरलेल्या तीस गुंठ्यांतलंच निम्मं नेणार, म्हणजे पंधरा. पंचेचाळीस हे नव्वदाचं निम्मंच आहे, त्यामुळे इथे हिशेब तंतोतंत जुळतो. पहिलं दिव्यांगत्व जितकं मोठं, तितकी दुसऱ्याला जागा कमी उरते. पहिलं ३० चं असेल तर दुसऱ्याचा दोन तृतीयांश भाग मोजला जातो. ४५ चं असेल तर निम्मा, आणि ६० चं असेल तर एक तृतीयांश. तिसरं दिव्यांगत्व असेल तर आधीच्या दोघांचं उत्तर ‘अ’ धरून हाच हिशेब पुन्हा करायचा.

कागदावर बघा. एकापेक्षा जास्त दिव्यांगत्वांसाठी प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. त्यात तक्ता असतो: दिव्यांगत्वाचा प्रकार, बाधित अवयव, निदान आणि प्रत्येकाचे टक्के. तक्त्याखाली एकत्रित टक्के अंकात आणि अक्षरात असतात. तक्त्यातल्या दोन आकड्यांवरून वरचा हिशेब कुणालाही वहीत करून बघता येतो. तो जुळला नाही तरच पुढे बोलायचं. जुळला तर भांडण सूत्राशी आहे, डॉक्टरांशी नाही, आणि ते बोर्डाच्या खोलीत सुटणारं नाही.

पंचाहत्तर आल्याने या घराचं काय बदललं? निराधार अनुदान होतं तेवढंच राहिलं. एसटीत सोबतच्या माणसाची सवलत मात्र मिळाली, कारण पासष्टचा उंबरठा ओलांडला गेला. अर्जात दुसरा प्रकार नोंदवला नसता तर कानाची तपासणीच झाली नसती. म्हणून swavlambancard.gov.in वर अर्ज भरताना माणसाला असलेली सगळी दिव्यांगत्वं नोंदवावीत, डोळ्याला दिसणारं एकच नव्हे. आधीच एका प्रकाराचं प्रमाणपत्र असेल तर दुसऱ्या प्रकारासाठी नव्याने तपासणी मागता येते.

केंद्राचा ८० चा उंबरठा मात्र पाच टक्क्यांनी हुकला. हे पाच टक्के कुठून आले असते? एक वाट पायातून जाते. पाय थोडा वरून, गुडघ्याखाली ८ सेंटिमीटरच्या आत कापलेला असता तर पायाचे ७० झाले असते. मग नव्वदमधून सत्तर गेले की वीस उरतात, पंचेचाळीस गुणिले वीस भागिले नव्वद म्हणजे दहा, आणि सत्तर अधिक दहा बरोबर ऐंशी. काही सेंटिमीटरचा हा फरक आहे. त्यामुळे बोर्डाला जाताना डिस्चार्ज कार्ड आणि उरलेल्या पायाचा एक्स-रे सोबत असावा. कार्डावर नुसतं ‘पाय काढला’ असं असेल आणि पातळी लिहिलेली नसेल, तर शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयातून ती लिहून आणावी. दुसरी वाट कानातून जाते. कानांचे टक्के ६० झाले तर त्याचा एक तृतीयांश वीस, आणि साठ अधिक वीस पुन्हा ऐंशी.

तरी या पाच टक्क्यांसाठी किती धावायचं, हा निर्णय लाभ बघून घ्यावा. महाराष्ट्रात केंद्राच्या निवृत्तिवेतनावर राज्य आपली भर घालतं, त्यामुळे निराधार अनुदान मिळत असलेल्या घरासाठी ७५ आणि ८० मधला फरक महिन्याच्या रकमेत फारसा दिसत नाही. मुलगी जुन्या पद्धतीने कर भरत असेल तर तिच्या वजावटीत ५०,००० रुपयांचा फरक पडतो. कर भरण्याइतकं उत्पन्न नसेल तर तो फरकही उरत नाही. कुठलाही उंबरठा नसलेल्या टक्क्यांसाठी, समजा बहात्तरचे शहात्तर व्हावेत म्हणून, आजारी माणसाला बोर्डासमोर पुन्हा ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

आपले टक्के कोणत्या पट्ट्यात बसतात ते कार्डाच्या रंगावरूनही कळतं. वैश्विक ओळखपत्र, ज्याला लोक यूडीआयडी म्हणतात, ४० च्या आत असेल तर पांढऱ्या पट्टीचं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळ्या आणि ८० पासून पुढे निळ्या पट्टीचं. पांढरं कार्ड म्हणजे नकार नव्हे. तो दिव्यांगत्वाचा पुरावाच आहे, फक्त चाळीसचा उंबरठा असलेले लाभ त्यावर मिळत नाहीत. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा डोळा चांगला असेल तर कोष्टकाप्रमाणे ३० टक्के येतात, म्हणजे पांढरं कार्ड. हे अनेकांना अन्यायाचं वाटतं. पण दृष्टीचं कोष्टकही कानासारखंच चांगल्या डोळ्याला जास्त वजन देतं. आणि दृष्टी तपासतात ती योग्य चष्मा लावून. चष्मा घरी ठेवून गेल्याने टक्के वाढतील हा समज चुकीचा आहे. उलट डॉक्टर नंबर काढायला लावतात आणि एक खेप वाढते.

मुलांच्या बाबतीत आकडे आणखी गोंधळात टाकतात. बौद्धिक अक्षमतेत सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेतात. त्यात मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, व्यवहार समजतो का, यावरून एक अंक काढतात. हा अंक जितका कमी तितके दिव्यांगत्वाचे टक्के जास्त. २०१८ च्या निकषांत ५५ ते ६९ अंकांना ५० टक्के आहेत, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, आणि २० किंवा त्याखाली अंक असतील तर १०० टक्के. मानसशास्त्रज्ञांच्या अहवालात ६२ बघून आई म्हणते ‘बासष्ट टक्के आले’, आणि प्रमाणपत्रावर ५० बघून तिला टक्के कापले असं वाटतं. ते दोन वेगळे अंक आहेत. इथे टक्के पायऱ्यापायऱ्यांनी ठरतात, त्यामुळे ५६ अंकांचं आणि ६८ अंकांचं मूल एकाच पायरीवर येतं. पाच वर्षांखालच्या मुलाला अंतिम निदान न देता विकास मंदावल्याची नोंद करून मुदतीचं प्रमाणपत्र देतात, आणि पाच वर्षांनंतर पुन्हा तपासणी होते. ती चुकवू नये.

जास्त टक्के म्हणजे नेहमी जास्त दारं उघडी असंही नाही. वाचा आणि भाषा दोष ४० टक्क्यांहून अधिक असलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला नेमक्या याच टक्क्यांमुळे वैद्यकीय शिक्षणासाठी अपात्र ठरवलं गेलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. नुसत्या टक्क्यांवरून कुणाला बाहेर काढता येणार नाही, तो उमेदवार अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे मंडळाने प्रत्यक्ष तपासलं पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. टक्के वाढवून घेण्याच्या मागे लागणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी हे प्रकरण जरूर लक्षात ठेवावं. रेल्वेच्या सवलतीतही टक्क्यांपेक्षा प्रकाराला महत्त्व आहे. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारी अस्थिव्यंग व्यक्ती, पूर्ण दृष्टिहीन व्यक्ती, अशा वर्गांनुसार ती मिळते आणि तिच्यासाठी रेल्वेच्या स्वतःच्या नमुन्यातला दाखला लागतो.

टक्के खरोखरच चुकले असतील तर? हिशेब वहीत करून पाहिला आणि तो जुळत नाही, किंवा एखादी तपासणी झालीच नाही, तर आधी त्याच रुग्णालयात दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा. अर्जात नेमकं काय चुकलं ते लिहावं: कापल्याची पातळी चुकीची धरली, ऑडिओग्राम जोडला असूनही कान तक्त्यात आले नाहीत, अंक आणि अक्षरं जुळत नाहीत. ‘टक्के वाढवून द्यावेत’ एवढंच लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. तेवढ्याने काम झालं नाही तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करण्याचा हक्क आहे. बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं असेल तर नकाराचं कारण लेखी मागून घ्यावं, अपिलासाठी तो कागद लागतो.

बोर्डाबाहेर पैसे घेऊन टक्के ‘वाढवून देणारे’ भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतल्यास कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि त्याची झळ मध्यस्थाच्या आधी प्रमाणपत्रावर ज्याचं नाव आहे त्याला बसते.

इचलकरंजीच्या त्या कामगाराच्या कागदावर पायासाठी ‘पुन्हा तपासणी आवश्यक नाही’ असं लिहिलेलं असेल. पण कान स्थिर राहतीलच असं नाही, आणि मधुमेहामुळे उद्या डोळ्यांवरही परिणाम होऊ शकतो. दोन-तीन वर्षांनी घरी बोलताना आणखी मोठ्याने बोलावं लागतंय असं मुलीच्या लक्षात आलं, तर तिने आधी पुन्हा ऑडिओमेट्री करून घ्यावी. चांगल्या कानाचे ४२ टक्के वाढून ६० झाले असतील आणि वाईट कान साठवरच असेल, तर दोन्ही मिळून ६० येतील आणि सूत्राने एकूण ८०. मगच पोर्टलवर फेरतपासणीचा अर्ज करावा, आणि जुनं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि दोन्ही वेळचे ऑडिओग्राम एकाच फाइलमध्ये घेऊन बोर्डाला जावं.